मैत्रिणीला दोन लाखांना नाही म्हणायचंय – मेसेजचा मसुदा वाचून सांगाल का?

निशिगंधा_नाशिक · रविवार, रात्री 10.52

गेल्या मंगळवारी माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा मेसेज आला. इथे तिला सुजा म्हणते, नाव बदललेलं आहे. तिच्या नवऱ्याचा ट्रक आहे, फायनान्सवर घेतलेला. दोन हप्ते थकलेत. तिने दोन लाख मागितलेत, सहा महिन्यांत परत करते म्हणाली. माझ्याकडे एफडी आहे हे तिला माहीत आहे, कारण मीच एकदा बोलता बोलता सांगितलं होतं.

मला पैसे द्यायचे नाहीत. हे ठरलंय, त्यावर माझा आणि नवऱ्याचा वाद नाही. पण 2016 मध्ये माझे बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा ही मुलगी चार रात्री माझ्याबरोबर बाकावर बसली होती. त्यामुळे गेले पाच दिवस मी मेसेज लिहितेय आणि खोडतेय. आत्ताचा मसुदा असा आहे:

> हाय सुजा, कशी आहेस? किती दिवस विचार करतेय कसं लिहू, रागवू नकोस हं. तुझा मेसेज आल्यापासून मला झोप नाही, खरंच. बाबांच्या वेळी तू जे केलंस ते मी जन्मात विसरणार नाही आणि म्हणूनच हे लिहिताना इतकं वाईट वाटतंय. सॉरी. अगं झालंय असं की सध्या आमचीच ओढाताण आहे. ईराच्या क्लासच्या फीचा दुसरा हप्ता जानेवारीत भरायचाय, घराचा हप्ता आहेच, आणि ह्यांच्या वर्कशॉपचं पेमेंटही अडकलंय. एफडी आहे तीन लाखांची, पण ती मार्चमध्ये मॅच्युअर होते, आता मोडली तर व्याज कापतात. शिवाय ह्यांना विचारलं तर ते म्हणाले मैत्रीत पैसे नकोतच. मला खरंच द्यायचे होते गं. चुकीचं समजू नकोस प्लीज. सॉरी. दोन लाख एकदम म्हणजे मला जमेल असं वाटत नाही, पण मी बघते, भिशीचा नंबर लागला तर काही करता येतं का. तू दुसरीकडेही विचारून ठेव. परत एकदा सॉरी. माझ्यावर राग धरू नकोस.

वाचताना मलाच गुदमरतं. काय काढू, काय ठेवू?

---

टपालपेटी · रविवार, रात्री 11.15

ताई, पैसे देण्याआधी लेखी घ्या. मैत्री असली तरी वचनचिठ्ठी हवीच. रक्कम, तारीख, परत कधी देणार, दोघांच्या सह्या. आणि रोख अजिबात देऊ नका. 20 हजार किंवा त्याहून मोठी रक्कम रोखीने उसनी घेणं कायद्यात बसत नाही, दंड होतो. बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते. परत नाही मिळाले तर दाव्याची मुदत साधारण 3 वर्षं असते, ती विसरू नका.

---

निशिगंधा_नाशिक · रविवार, रात्री 11.21

धन्यवाद, पण मला द्यायचेच नाहीत. नाही कसं म्हणायचं एवढंच विचारतेय.

---

रानजाई · रविवार, रात्री 11.40

एवढं काय त्यात. नवऱ्याच्या नावावर ढकलायचं. "हे नाही म्हणतात" म्हटलं की विषय संपतो, मैत्रिणीलाही वाईट वाटत नाही, कारण नाही म्हणणारी तू नसतेस. मी आजवर तेच करत आलेय. बाकी मेसेज लांब आहे, निम्मा कर.

---

पतसंस्था_निवृत्त · सोमवार, सकाळी 7.05

मी सव्वीस वर्षं एका पतसंस्थेत काढली, त्यातली बरीच कर्ज आणि वसुलीच्या टेबलावर. रोज कुणाला तरी नाही म्हणायचं काम होतं, आणि समोरचा बहुतेक वेळा ओळखीचाच असायचा, कारण संस्था तालुक्याच्या गावची.

निशिगंधाताई, तुमचा मसुदा सुजाताई वाचताहेत अशी कल्पना करा. त्या अडचणीत आहेत. अडचणीतला माणूस असा निरोप वाचतो तेव्हा त्यात फक्त वाट शोधतो. आणि तुम्ही त्यांना पाच वाटा दाखवल्यात. त्यांचं उत्तर मी लिहून दाखवतो, असं येईल:

> अगं, एफडी मोडू नकोस! एफडीवर कर्ज मिळतं, नव्वद टक्क्यांपर्यंत देतात, माझ्या जाऊबाईने काढलं होतं. व्याजाचा फरक मी देते. ईराची फी जानेवारीत ना? त्याआधी पन्नास तरी मी परत करते. भावोजींशी मी बोलू का? आणि भिशीचा नंबर कधी आहे तुझा?

आता काय उत्तर द्याल? एफडीचं कारण त्यांनी सोडवलं, आणि खरंच सोडवलं, कारण एफडीवर कर्ज मिळतंच. फीचं सोडवलं. नवऱ्याशी बोलायला त्या तयार आहेत. तुम्ही दिलेलं प्रत्येक कारण म्हणजे भिंतीतली खुंटी आहे, समोरचा त्याला पिशवी अडकवतो. मग तुम्ही सहावं कारण काढणार, ते पहिल्यापेक्षा कच्चं असणार, आणि तिथे त्यांच्या लक्षात येणार की कारणं खरी नव्हती. मैत्री तिथे दुखावते. नकाराने तेवढी दुखावत नाही.

दुसरं. नकार शोधा तुमच्या मसुद्यात. शेवटाकडे आहे, आणि तोही "जमेल असं वाटत नाही". त्याच्या लगेच मागे "पण मी बघते". मराठीत "बघते" म्हणजे अर्धा होकार. आमच्याकडे साहेबांनी "बघतो" म्हटलं की माणूस घरी जाऊन सांगायचा, काम झालं.

रानजाईताई, नवऱ्याचं नाव घेतल्याने विषय त्या दिवसापुरता संपतो हे बरोबर. पण मग नवरा खलनायक होतो, आणि पुढच्या लग्नात-बारशात त्याला ते तोंड घेऊन फिरावं लागतं. शिवाय सुजाताईंना कळतं की बाईचं मन आहे, फक्त घरचा अडसर आहे. म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा विचारता येईल.

---

रानजाई · सोमवार, सकाळी 8.30

पुन्हा विचारतात हे मात्र खरं आहे. माझ्या नणंदेने तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा थेट ह्यांनाच फोन केला.

---

विनायक_दुबई · सोमवार, सकाळी 9.48

मी दुसऱ्या बाजूचा आहे, नकार ऐकलेला. म्हणून लिहितोय.

2020 मध्ये इथे आमच्या कंपनीने निम्मी माणसं कमी केली, त्यात मी. इथे घरभाडं पुढच्या तारखांच्या चेकने भरावं लागतं, माझा एक चेक तीन आठवड्यांवर होता. मी तीन मित्रांना मेसेज केला. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने नऊ दिवसांनी निशिगंधाताईंसारखाच लांब मेसेज पाठवला. आईचं ऑपरेशन, गावच्या घराचं छप्पर, शेअर बाजार पडलाय, बायको काय म्हणाली, सगळं. शेवटी "यार मला फार वाईट वाटतंय, तू रागावला नाहीस ना?"

मी काय केलं माहितीये? मी त्याला धीर दिला. माझी नोकरी गेलेली, चेक डोक्यावर, आणि मी टाइप करतोय, "अरे वाईट वाटून घेऊ नकोस, मी समजू शकतो, काकूंची तब्येत कशी आहे?" ते लिहिताना जो एकटेपणा वाटला तो अजून आठवतो. त्याच्या मेसेजात माझ्याबद्दल एक ओळ नव्हती. सगळा मेसेज त्याच्या मनाबद्दल होता.

तिसऱ्याने त्याच रात्री लिहिलं: "विन्या, पैशांचं मला जमणार नाही. तू दुसरीकडे लगेच विचार, माझ्यासाठी थांबू नकोस. उद्या फोन करतो." आणि केला. त्याच्याशी आजही बोलणं आहे. दुसऱ्याशी भांडण नाही, पण काही उरलंही नाही.

ताई, शब्दांपेक्षा आधी दिवस मोजा. मंगळवार ते रविवार, पाच दिवस झाले. ती तुमच्या उत्तराची वाट बघत दुसऱ्या कुणाला विचारत नसेल.

---

निशिगंधा_नाशिक · सोमवार, दुपारी 1.10

विनायकदादा, वाचून पोटात खड्डा पडला. मी पाच दिवस माझ्यासाठीच घेतले.

डबा खाताना नवा मसुदा केला:

> सुजा, तुझा मेसेज वाचला. दोन लाखांचं मला सध्या जमणार नाही. आमचंही बजेट खूप टाइट आहे गं. मार्चनंतर बघू. तू समजून घेशील ना?

---

अबोली७ · सोमवार, दुपारी 2.25

मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांकडेच आधी लक्ष जातं.

"सध्या" काढा. "सध्या जमणार नाही" म्हणजे नंतर जमेल. तुमच्या मनात नंतरही द्यायचे नाहीत ना? मग हा शब्द खोटा आहे. "मार्चनंतर बघू" तर तारीखच झाली, एप्रिलमध्ये फोन येणार आणि तो तिचा हक्क असेल.

"दोन लाखांचं" हेही अडकतं. दोन लाखांचं नाही, मग एक लाखाचं? पन्नास हजारांचं?

"समजून घेशील ना" हा प्रश्न आहे. प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. म्हणजे तुम्ही नकार दिलात आणि तो मंजूर करायचं काम तिच्याकडे सोपवलंत. विनायक यांनी सांगितलं ते हेच, फक्त एका ओळीत.

क्रियापद मात्र तुम्ही बरोबर पकडलंत. "देऊ शकत नाही" म्हटलं की लगेच मनात येतं, का बरं? कारण "शकत" आलं की अडचण आली, आणि अडचण दूर करता येते. "देणार नाही" खरं आहे, पण मैत्रिणीला ते दार आपटल्यासारखं लागेल. "मला जमणार नाही" मधोमध बसतं. त्यात निर्णयही आहे आणि आवाजही चढलेला नाही. आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यापासून भाड्याच्या घरापर्यंत हेच वापरतात आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ कळतो. पण त्याच्या पुढे काही जोडायचं नाही. "जमणार नाही" आणि पूर्णविराम.

"गं" राहू दे असं मला वाटतं, पण नकाराच्या वाक्यात नको. तिथे ते विनवणीसारखं वाजतं.

---

कावेरीकाकू · सोमवार, दुपारी 4.02

माझं मत इथे कुणाला आवडणार नाही, तरी लिहिते. जी मुलगी बापाच्या आजारपणात चार रात्री बाकावर बसली तिला तुम्ही चार ओळींत वाटेला लावणार? क्रियापदं तपासून? आमच्या वेळी लोकांनी पाटल्या गहाण ठेवून एकमेकींची बाळंतपणं निभावली. तीन लाखांची एफडी असताना नाही म्हणणं मला पटत नाही. सगळे नाही, पण काही तरी द्या. वीस हजार द्या आणि परत मागू नका.

---

निशिगंधा_नाशिक · सोमवार, संध्याकाळी 6.40

काकू, तुम्ही म्हणता ते माझ्या डोक्यात रोज घोळतं. मग इथे पूर्ण खरं सांगते. अडीच वर्षांपूर्वी तिने बारा हजार घेतले होते, दोन महिन्यांसाठी. आले नाहीत. मी कधी विचारलं नाही, तिने कधी काढलं नाही. पण त्यानंतर तिने नवा मोबाइल घेतला तेव्हा स्टेटस बघून माझ्या मनात जे आलं, त्याची मला लाज वाटली. बारा हजारांत माझं हे झालं. दोन लाख गेले तर मी तिच्या ताटातली भाजी मोजेन. मला ते व्हायचं नाहीये.

मसुद्यात बारा हजारांचा उल्लेख करावा का? एका बहिणीने सुचवलं, "आधीचे राहिलेत" म्हण म्हणून.

---

पतसंस्था_निवृत्त · सोमवार, रात्री 8.15

करू नका. नकारात जुनी बाकी काढली की तो नकार राहत नाही, हिशेब होतो. त्या म्हणतील, बारा हजार उद्या देते, मग दोन लाख देशील? आणि कदाचित कुणाकडून तरी आणून खरंच देतील. मग? बारा हजार एक तर मनातून सोडा, नाही तर चार-सहा महिन्यांनी वेगळ्या दिवशी वेगळ्या तोंडाने मागा.

कावेरीकाकूंचं वीस हजारांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. आमच्या गावात शहाणी माणसं तसंच करायची, वहीत न लिहिता द्यायची. पण एकाच निरोपात "दोन लाख नाही, वीस घे" आलं की ती बोली होते, समोरचा पन्नास म्हणतो. द्यायचेच असले तर नकार आधी पोचू द्या, चार दिवस जाऊ द्या, मग घरी जाऊन मुलांच्या हातात द्या. ते तुम्ही ठरवा.

एक विचारतो. दोन लाख कशाचे मागितलेत, काही सांगितलंय का?

---

निशिगंधा_नाशिक · सोमवार, रात्री 8.50

हप्ता 38 हजारांचा, दोन थकले म्हणजे 76. ट्रकचा विमा भरायचाय. उरलेले एका खासगी माणसाचे द्यायचेत, त्याचं व्याज महिन्याला तीन टक्के आहे म्हणे. तिसरा हप्ता येत्या पाच तारखेला आहे.

---

पतसंस्था_निवृत्त · सोमवार, रात्री 9.30

म्हणजे एक खड्डा उकरून दुसरा भरणं चाललंय. हे मी तुम्हाला सांगतोय, तुमच्या निरोपात याचा वाससुद्धा येता कामा नये. ज्याला नाही म्हणतो त्याला त्याच निरोपात शहाणपण शिकवायचं नाही. पैसेही नाहीत आणि वर उपदेश, हे कुणालाच सहन होत नाही.

पण खरी मदत करण्याची एक जागा दिसते. हप्ता थकून 90 दिवस झाले की ते खातं थकीत-बुडीतच्या वर्गात जातं आणि मग शाखेच्या माणसाच्या हातात फार काही राहत नाही. त्याआधी हप्ते लांबवणं, मुदत वाढवून हप्ता कमी करणं याबद्दल बोलता येतं. मिळेलच असं नाही, पण विचारता येतं. लोक उलटं करतात. हप्ता थकला की फायनान्सवाल्याचा फोन उचलत नाहीत आणि मित्रांचे दरवाजे वाजवतात. सुजाताईंचे दोन थकलेत, म्हणजे दिवस आहेत, फार नाहीत. लेखी अर्ज करायचा, पोच घ्यायची, सोबत ट्रकच्या गेल्या सहा महिन्यांच्या भाड्याचा हिशेब आणि बँकेचा उतारा.

तुम्ही त्यांच्याबरोबर जाऊ शकता का? खरंच जाणार असाल तरच लिहा. नाही तर "काही लागलं तर सांग" हे वाक्य सगळेच लिहितात, आणि ते न लिहिलेलं बरं.

---

निशिगंधा_नाशिक · सोमवार, रात्री 10.05

मी शाळेच्या ऑफिसात आहे, अर्ज, पोच, हिशेब हे माझं रोजचं काम. शनिवारी मला अर्धा दिवस आहे. नक्की जाऊ शकते.

---

नागपूरकर · सोमवार, रात्री 10.20

अहो, पण हे मेसेजवर काहून? फोन करा ना सरळ. एवढी जवळची मैत्रीण आणि टाइप करून नाही सांगणं, आमच्याकडे तर हे बरं दिसत नाही.

---

विनायक_दुबई · सोमवार, रात्री 10.41

मला मेसेज बरा वाटला होता. तो वाचताना माझं तोंड कुणी बघत नव्हतं. फोनवर असतो तर "ठीक आहे रे, काही नाही" असं लगेच हसून म्हणावं लागलं असतं. तिने मागितलंही मेसेजवरच आहे.

---

नागपूरकर · सोमवार, रात्री 10.47

ते ठीक. पण मग फोन दुसऱ्या दिवशी तरी कराच. मेसेज टाकून गायब होणं म्हणजे लपणं झालं.

---

अबोली७ · सोमवार, रात्री 11.02

आणि ताई, फोनवर तुम्ही विरघळाल. पहिल्या मसुद्यावरून सांगतेय. लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचता येतं, तुम्हालाही.

---

निशिगंधा_नाशिक · मंगळवार, सकाळी 6.35

रात्री बसून केला. हा तिसरा:

> सुजा, तुझा मेसेज मंगळवारीच वाचला होता. उत्तराला इतके दिवस लावायला नको होते, तुला थांबावं लागलं.
>
> पैशांचं मला जमणार नाही. कमी रकमेचंही नाही. तू माझ्यासाठी थांबून राहू नयेस म्हणून स्पष्ट लिहितेय.
>
> पाच तारखेच्या आत फायनान्स कंपनीत जाऊन हप्त्यांबद्दल बोलता येईल. तुम्ही जाणार असलात तर शनिवारी दुपारी मी येते, अर्ज आणि हिशेबाचे कागद मी तयार करून देते. नको असेल तर तसं सांग गं.
>
> बाबांच्या वेळचं मी विसरलेले नाही.

सॉरी एकही नाही. विचित्र वाटतंय, कुणीतरी चप्पल न घालता बाहेर काढल्यासारखं.

---

अबोली७ · मंगळवार, सकाळी 7.10

उशिराबद्दलची दिलगिरी पहिल्या ओळीत आली की. ती खरी आहे, कारण उशीर ही तुमची चूक होती. पैसे न देणं ही चूक नाही, म्हणून तिथे सॉरी नाही. नेमकं बसलंय.

---

पतसंस्था_निवृत्त · मंगळवार, सकाळी 7.40

नकार दुसऱ्या परिच्छेदात आहे, चालेल, तेवढ्यात श्वास घेता येतो. कारण एकही नाही, उत्तम. त्या "का" विचारतील. तेव्हाही एकच सांगा: "पैशांचे व्यवहार मी मैत्रीत करत नाही असं ठरवलंय." हे खरंही आहे आणि कुणाला सोडवता येण्याजोगं नाही.

शेवटची ओळ काढा. बाबांचं नाव नकाराच्या खाली आलं की त्या उपकाराची परतफेड नाकारल्यासारखं वाचलं जातं. त्यांच्या डोक्यात ते असेलच, तुम्ही बोट ठेवू नका.

---

विनायक_दुबई · मंगळवार, सकाळी 8.22

काका, इथे माझं वेगळं मत आहे. मला असं काही कुणी लिहिलं असतं तर मी ती ओळ जपून ठेवली असती. तिच्याआधी "पण" नाही, "तरी" नाही, ती आपली आपण उभी आहे. ठेवा.

---

कावेरीकाकू · मंगळवार, सकाळी 8.50

माझं मत बदललेलं नाही, मी दिले असते. पण शनिवारी जाणार असशील तर मेसेज चांगला आहे. ती ओळ कागदावर नको, शनिवारी तोंडाने सांग.

---

निशिगंधा_नाशिक · मंगळवार, सकाळी 9.15

ओळ काढली. काकूंसाठी. पाठवला.

---

निशिगंधा_नाशिक · मंगळवार, रात्री 9.40

सव्वानऊला पाठवला, दहाला निळ्या खुणा. चार वाजता उत्तर आलं: "ठीक आहे." एवढंच. मी अर्धा तास फोन हातात धरून होते. आणि मग साडेसातला हे आलं:

> पैसे नको देऊस. पण मी एका पतपेढीतून काढतेय, त्यांना एक जामीनदार हवाय. फक्त सही. हप्ते आम्हीच भरणार, तुझ्या खिशातून रुपया जाणार नाही.

हे तर पैसे देणं नाही ना? सही केली तर मला थोडं हलकं वाटेल. चूक आहे का?

---

पतसंस्था_निवृत्त · मंगळवार, रात्री 9.52

ताई, थांबा. हे दोन लाख देण्यापेक्षा जड आहे.

जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, 1872 च्या करार कायद्यातच तसं आहे. संस्थेला आधी कर्जदाराच्या मागे लागून थकायची गरज नसते, ती सरळ तुमच्याकडे येऊ शकते. आणि येते, कारण तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला ठरलेल्या खात्यात जमा होतो आणि ट्रकचं भाडं कधी येईल ते सांगता येत नाही. मी स्वतः जामीनदारांना नोटिसा काढल्यात. त्यात शिक्षक, तलाठी, कंपाउंडर, सगळे "फक्त सही" वाले. काही जण टेबलासमोर रडले. शिवाय तुमच्या नावावर ते कर्ज क्रेडिट रिपोर्टात दिसू शकतं. उद्या ईराच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला गेलात तर ते विचारात घेतलं जातं.

दोन लाख दिले असते तर दोन लाख गेले असते. इथे मुद्दल, व्याज, दंडव्याज आणि वसुलीचा खर्च, शेवटचा आकडा किती हे सही करताना कळत नाही.

---

रानजाई · मंगळवार, रात्री 10.04

मी सही केलेली आहे एकदा, दिरासाठी. आता हे वाचून झोप लागणार नाही. काका, त्यातून बाहेर कसं पडायचं?

---

पतसंस्था_निवृत्त · मंगळवार, रात्री 10.11

वेगळा धागा काढा, कर्ज कधीचं आणि किती बाकी ते लिहा, उत्तर देतो. आधी दिराकडून खात्याचा उतारा मागून घ्या.

---

अबोली७ · मंगळवार, रात्री 10.15

निशिगंधाताई, दुसऱ्यांदा विचारल्यावर नवं कारण देऊ नका, आणि जामीनदारीचे कायदेही समजावू नका. तेच वाक्य, आणखी थोडं लहान. नवे शब्द आले की तिला वाटेल पहिला नकार कच्चा होता.

---

निशिगंधा_नाशिक · मंगळवार, रात्री 10.33

पाठवला:

> सुजा, जामीनदारही मला होता येणार नाही. पैसे असोत की सही, माझं उत्तर तेच आहे. शनिवारचं मात्र पक्कं आहे, तू सांगशील तिथे येते.

हात थरथरत होते. "सॉरी गं" दोनदा टाइप करून खोडलं.

---

नागपूरकर · बुधवार, सकाळी 8.05

आज फोन करा बरं का.

---

निशिगंधा_नाशिक · बुधवार, रात्री 9.20

केला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा तिच्या मुलीने उचलला, "आई स्वयंपाक करतेय" म्हणाली. मागून कुकरची शिट्टी ऐकू येत होती, तिचा आवाज नाही.

---

निशिगंधा_नाशिक · शुक्रवार, रात्री 10.10

आत्ता तिचा मेसेज आला. ट्रकच्या कर्जाच्या कागदांचे अकरा फोटो, एकही शब्द नाही. मग पाच मिनिटांनी: "उद्या दीडला. हे पण येणार आहेत, त्यांच्यासमोर पैशांचं काढू नकोस."

फोटो बघितले. हप्त्यांच्या तक्त्याचं दुसरं पान नाहीये. काका, ते पान अर्जाला लागेल का, की बँकेच्या उताऱ्यावर चालून जाईल?

---

पतसंस्था_निवृत्त · शुक्रवार, रात्री 10.31

उताऱ्यावर चालेल, पण उद्या शाखेतून खात्याचा उतारा मागाच, त्यात उशिराचा दंड किती लावलाय ते दिसेल. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. आणि बोलणं सुजाताईंच्या यजमानांना करू द्या. कर्ज त्यांच्या नावावर आहे, तुम्ही कागद धरून बाजूला बसा.